तारीख तीच, दिवाळी वेगळी

प्रश्न : नवऱ्याच्या बदलीमुळे दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून जयपूरला आलो. इथे मी एका लहानशा जाहिरात एजन्सीत ग्राहकांचे रिपोर्ट बनवते. आमचे एक ग्राहक सांगानेरी छपाईच्या चादरी आणि रजया ऑनलाइन विकतात. २०२५ची दिवाळी झाल्यावर त्यांचा रिपोर्ट करायला घेतला, तर सर म्हणाले, ‘१ ते २० ऑक्टोबर घे आणि गेल्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना कर.’ केली. विक्रीत ६० टक्के वाढ निघाली. एकही आकडा खोटा नव्हता. सेठजींनी रिपोर्ट पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, ‘गल्ला में तो दीखै कोनी.’ गल्ल्यात तर दिसत नाही! तेव्हापासून मनात सलतंय. आकडे खरे असूनही रिपोर्ट खोटा असू शकतो का? असेल तर खरा कसा करायचा?

ता.क. सेठजींना व्हिडिओच्या व्ह्यूजचा आकडा फार आवडतो. तो काढून टाकला तर ते पहिल्यांदा तेच विचारतील.

— एक वाचक, मानसरोवर, जयपूर

उत्तर : सेठजींचा गल्ला बरोबर आहे, तुमचे आकडेही बरोबर आहेत. घोळ आहे तो कॅलेंडरचा.

२०२४मध्ये जयपुरात दिवाळी ३१ ऑक्टोबरला झाली. (अमावास्या दोन दिवसांत विभागल्यामुळे त्या वर्षी बराच वाद झाला होता, शेअर बाजाराने मुहूर्ताचे सौदे १ नोव्हेंबरला केले. आपल्या हिशेबाला एका दिवसाने फरक पडत नाही.) २०२५मध्ये तुमच्याकडे दिवाळी २० ऑक्टोबरला आली. म्हणजे तुमच्या रिपोर्टात यंदाच्या बाजूला दिवाळीच्या आधीचे ऐन खरेदीचे वीस दिवस आहेत. गेल्या वर्षीच्या बाजूला मात्र दिवाळी अजून अकरा दिवस लांब आहे, आणि त्यातले पहिले दोन दिवस तर पितृपक्षातले आहेत. श्राद्धात नवी चादर कोण घेतं? तुम्ही दिवाळीची तुलना दिवाळीच्या तयारीशी केली आणि ६० टक्के निघाले. जाहिरात एक पैशाची केली नसती तरी बरीचशी वाढ दिसलीच असती.

चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, म्हणून सण दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. हे तुमच्या आजीला पाठ असेल. गूगल अ‍ॅड्सच्या पडद्यावर तारखांच्या खाली `Compare` नावाचं बटण असतं, त्याला हे ठाऊक नाही. ‘गेल्या वर्षीचा हाच काळ’ म्हटलं की ते इंग्रजी तारखा उचलतं. तेव्हा तारखा तुम्ही हाताने घाला. सुरुवात घटस्थापनेपासून करा, शेवट दिवाळीला. २०२४मध्ये हा काळ ३ ते ३१ ऑक्टोबर होता, २०२५मध्ये २२ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर. मोजून पाहा, दोन्हीकडे बरोबर २९ दिवस भरतात.

आता तुम्ही पाठवलेलेच आकडे या दोन खिडक्यांतून बघू. दुकान ओळखू येऊ नये म्हणून मी ते बदलून गोल केले आहेत.

तुमच्या रिपोर्टात १ ते २० ऑक्टोबरची विक्री २०२४मध्ये ६ लाख आणि २०२५मध्ये ९ लाख ६० हजार आहे. हेच ते ६० टक्के. पण २०२४च्या ३ तारखेपासून ३१पर्यंत गेलं तर विक्री ११ लाख ४० हजार भरते, कारण खरा जोर २१ तारखेनंतर होता आणि तो तुमच्या खिडकीच्या बाहेर राहिला. २०२५मध्ये २२ सप्टेंबरपासून धरलं तर ११ लाख ८० हजार. म्हणजे ४० हजारांची वाढ, साडेतीन टक्के. सेठजींना गल्ल्यात जे दिसलं नाही, ते हेच.

बरं, ही साडेतीन टक्केसुद्धा वाढ म्हणायची का? सरासरी बिल २,००० रुपयांचं धरलं तर गेल्या हंगामात ५७० ऑर्डर होतात आणि या हंगामात ५९०. ऑर्डरींच्या आकड्यात काही न करताही चढउतार होतच असतो. तो किती असू शकतो याचा एक ढोबळ अंदाज आहे : दोन्ही आकड्यांची बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. ५७० आणि ५९० मिळून १,१६०, त्याचं वर्गमूळ ३४. तुमचा फरक २०चा. फरक वर्गमूळाच्या आत असेल तर त्यावर एक अक्षरही बोलू नये, आणि दुप्पट असेल तर लक्ष देऊन बघावं. तेव्हा रिपोर्टात ‘३.५ टक्के वाढ’ असं न लिहिता ‘विक्री गेल्या हंगामाइतकीच’ असं लिहा. दशांश चिन्हामुळे आकडा नेमका वाटतो, तसा तो असतोच असं नाही.

या सगळ्यात तुमच्या रिपोर्टात नसलेला एक आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. जाहिरातीचा खर्च २०२४च्या हंगामात २ लाख होता, २०२५मध्ये २ लाख ६० हजार झाला. ६० हजार जास्त घातले आणि ४० हजारांची जास्त विक्री झाली. तीही विक्री, नफा नव्हे. गेल्या वर्षी जाहिरातीच्या रुपयामागे ५ रुपये ७० पैशांची विक्री होती, यंदा साडेचार रुपयांची. हे वाक्य रिपोर्टाच्या पहिल्या पानावर, पहिल्या परिच्छेदात यायला हवं होतं. ते आलं नाही, कारण खिडकी निवडतानाच ते बाहेर राहील याची सोय झाली होती. सरांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. चांगलं दिसेपर्यंत तारखा मागेपुढे करायच्या आणि चांगलं दिसलं की थांबायचं, हे इतक्या सहज होतं की आपण काही निवडलं हेच लक्षात राहत नाही.

मी स्वतः हे केलेलं आहे. वीसेक वर्षांत पुष्कळदा. एका शिकवणी वर्गासाठी मी सहा महिने जाहिराती केल्या होत्या. पाच महिने काही घडलं नाही. सहाव्या महिन्यात दहावीचा निकाल लागला आणि चौकशीचे फोन वाजायला लागले. मी रिपोर्टात फक्त शेवटचे पाच आठवडे दाखवले. आलेख चढता होता आणि त्याखाली मी ‘मोहिमेचा परिणाम’ असं लिहिलं होतं. परिणाम बोर्डाचा होता. ग्राहकाने पुढच्या वर्षीचं काम दिलं, मग जूनपर्यंत वाट बघून काढून घेतलं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

यावर उपाय एकच, आणि तो रिपोर्ट करतानाचा नाही, काम सुरू होण्याआधीचा आहे. कोणता काळ कोणत्या काळाशी तोलायचा, हे मोहीम सुरू होण्याच्या आधी लिहून ग्राहकाला पाठवायचं. साधी ई-मेल पुरते. पैसे खर्च होण्याच्या आधी खिडकी ठरली की नंतर ती सरकवण्याचा मोह उरत नाही. शिवाय मागच्या तेरा महिन्यांचा विक्रीचा आलेख दर रिपोर्टात एका कोपऱ्यात तसाच्या तसा ठेवा. बारा नाही, तेरा, म्हणजे गेल्या वर्षीचा हाच महिनाही डोळ्यांसमोर राहतो. त्यात चढ असो की उतार, त्याला हात लावायचा नाही.

पण तिथी हा रामबाण समजू नका. तुमचे सेठजी रजयाही विकतात, आणि रजई पंचांग बघून विकली जात नाही, थंडी पडली की विकली जाते. थंडी सूर्याच्या हिशेबाने येते. म्हणून चादरींची तुलना घटस्थापना ते दिवाळी अशी करा आणि रजयांची सरळ इंग्रजी तारखांनी, नोव्हेंबर ते जानेवारी. दोन्ही एकाच बेरजेत टाकल्या तर दिवाळी नोव्हेंबरात गेलेल्या वर्षी रजयांची विक्री चादरींच्या खात्यात मिसळेल आणि तुम्हाला काही कळणार नाही. सूर्य आणि चंद्र दोन्ही मोजायला दगडी यंत्रं बांधलेल्या शहरात राहून एकाच कॅलेंडरवर भागवू नये म्हणतात! (कोणी म्हणत नाही, मीच म्हणतोय.)

आता दुसरा घोळ, जो तुमच्या पत्रात नव्हता पण सोबत पाठवलेल्या आकड्यांत होता. २०२५च्या त्याच २९ दिवसांसाठी मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पानावर ‘४१० ऑर्डर’ आणि गूगलच्या पानावर ‘२९० ऑर्डर’ असं आहे. एकूण ७००. सेठजींच्या वहीत या काळात नोंदल्या गेलेल्या सगळ्या ऑर्डर ६७० आहेत. त्यात जुन्या गिऱ्हाइकांनी फोनवरून सांगितलेल्याही आल्या. त्यातल्या ८० पार्सलं दारातून परत आली, कारण पैसे माल हातात आल्यावर द्यायचे होते आणि लोकांनी घेतलीच नाहीत. राहिल्या ५९०. मग ७०० कुठून आल्या?

दोन्ही कंपन्या स्वतःच्या परीने खरं सांगतायत. मेटाच्या नेहमीच्या मोजणीत जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत झालेली खरेदी मेटाची धरली जाते. नुसती जाहिरात दिसली आणि एका दिवसात खरेदी झाली, तरी ती मेटाचीच. गूगलवर क्लिकनंतर साधारणपणे तीस दिवसांपर्यंतची खरेदी गूगलच्या नावावर लागते. आता नागपूरच्या एका बाईंनी सकाळी इन्स्टाग्रामवर चादर पाहिली, दुपारी दुकानाचं नाव गूगलवर टाकलं, वर आलेल्या जाहिरातीवर बोट लावलं आणि चादर मागवली. चादर एक, पण दोन्ही पानांवर एकेकदा मोजली गेली. आणि पार्सल परत आलं हे त्या दोघांना कोणी कळवलंच नाही. तेव्हा या दोन पानांची बेरीज कधीही करू नका. मुख्य आकडा एकच आणि तो सेठजींच्या वहीतला, पोहोचलेल्या मालाचा. कंपन्यांचे आकडे ‘मेटाच्या दाव्यानुसार’, ‘गूगलच्या दाव्यानुसार’ असे शब्द लावून खाली द्या.

त्या बाईंनी दुकानाचं नाव टाकून शोधलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जो नाव घेऊनच येतो त्याला जाहिरात दाखवून आपण काय मिळवलं? ईबेने साधारण २०१२मध्ये स्वतःच्या नावावरच्या शोध-जाहिराती काही काळ बंद करून पाहिल्या. जवळपास सगळे लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून तसेच आत आले. ईबे मोठं नाव आहे, तुमच्या सेठजींच्या नावावर शेजारचा दुकानदार जाहिरात लावत असेल तर गोष्ट वेगळी होईल. म्हणून अंदाज बांधू नका, करून बघा. सणासुदीचा काळ सोडून तीन-चार शहरांत दोन-तीन आठवडे नावाची जाहिरात बंद ठेवायची, बाकी ठिकाणी चालू, आणि दोन्हीकडच्या ऑर्डरींचं प्रमाण आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते बघायचं. शहरं अशी घ्या की ज्यांतून ऑर्डरी बऱ्यापैकी येतात. आठवड्याला दोन ऑर्डर येणाऱ्या गावाने काहीच सिद्ध होत नाही. आणि तोपर्यंत नावाच्या जाहिरातीतून आलेल्या ऑर्डरी रिपोर्टात वेगळ्या ओळीत दाखवा. बहुतेक एजन्सींचा गूगलचा चमकदार आकडा याच ओळीतून आलेला असतो.

एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे नंतर भांडणं होतात. गूगल खरेदी मोजतं ती क्लिकच्या दिवसावर. कोणी १८ तारखेला क्लिक केलं आणि २५ला खरेदी केली तर ती १८च्या खात्यात जाते. म्हणून २१ तारखेला काढलेला रिपोर्ट आणि महिनाभराने काढलेला त्याच तारखांचा रिपोर्ट जुळत नाहीत, आणि ग्राहकाला वाटतं आकडे फिरवले. खरेदीच्या दिवसाप्रमाणे मोजायचं तर `Conversions (by conv. time)` हा रकाना घ्यावा लागतो. कुठलाही घ्या, पण रिपोर्टवर ‘आकडे अमुक तारखेला काढले’ हे छापा.

ता.क.चं उत्तर. व्ह्यूज काढून टाकू नका, पण व्ह्यू म्हणजे काय ते त्याच ओळीत लिहा. फेसबुकवर बरीच वर्षं व्हिडिओ तीन सेकंद चालला की एक व्ह्यू धरला जायचा. अंगठ्याने वर ढकलता ढकलता तीन सेकंद कधी जातात कळत नाही. २०१६मध्ये फेसबुकने स्वतःच कबूल केलं की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ बघतात हा त्यांचा आकडा दोन वर्षं फुगलेला होता. चूक भागाकाराची होती : बघितलेला एकूण वेळ भागायचा होता सगळ्या बघणाऱ्यांनी, आणि भागला जात होता फक्त तीन सेकंदांहून जास्त बघणाऱ्यांनी. छेद लहान झाला की सरासरी मोठी होते, हे सातवीतलं गणित. जाहिरातदार कोर्टात गेले आणि २०१९मध्ये फेसबुकने ४ कोटी डॉलर देऊन तो दावा मिटवला. तेव्हा कुठलीही सरासरी किंवा टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न विचारायचा, खाली कोण आहे?

सेठजींना हे असं दाखवा : व्हिडिओ तीन सेकंद बघणारे किती, शेवटपर्यंत बघणारे किती, आणि त्यातून चादरीच्या पानावर आलेले किती. तीन आकडे एकाखाली एक. पहिल्या आकड्याचा आनंद तिसऱ्यापर्यंत किती टिकतो ते ते स्वतः बघतील; तुम्ही एक शब्द बोलायची गरज नाही. माझा अनुभव असा की दोन रिपोर्टांनंतर ग्राहक वरचा आकडा वाचायचं सोडतो.

सरांना कसं पटवायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ओळींमधून ऐकू येतंय. नीतीच्या गोष्टी सांगू नका. २०२६चं पंचांग पुढे ठेवा. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे सगळं पुढे जातं. पितृपक्ष १० ऑक्टोबरपर्यंत, घटस्थापना ११ला आणि दिवाळी ८ नोव्हेंबरला. सरांच्याच पद्धतीने १ ते २० ऑक्टोबर २०२६ची तुलना २०२५शी केली तर यंदाच्या बाजूला दहा दिवस श्राद्धाचे आणि पुढचे दहा नवरात्रातले, तर समोर अख्खी दिवाळी. विक्री निम्म्यावर आलेली दिसली तरी आश्चर्य वाटू नये. एजन्सीने काही चुकीचं केलेलं नसताना! तेव्हा सर म्हणणार, ‘नाही सेठजी, दिवाळी सरकलीय.’ आणि सेठजी विचारणार, ‘म्हणजे गेल्या वर्षीही सरकली होती?’ ११ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर हेसुद्धा २९च दिवस भरतात. खिडकी आत्ताच ठरवली तर तो रिपोर्ट तुमच्या बाजूने बोलेल.

राहिला गेलेला रिपोर्ट. तो परत मागू नका, दुसरा पाठवा आणि वर कारण लिहा. सेठजींसाठी हिंदीत करावं लागेल, पण मजकूर साधारण असा असू द्या :

‘मागच्या रिपोर्टात १ ते २० ऑक्टोबरची तुलना दिली होती. दोन वर्षांत दिवाळी अकरा दिवसांनी हलल्यामुळे ती तुलना बरोबर नव्हती. घटस्थापना ते दिवाळी या २९ दिवसांत पोहोचलेल्या मालाची विक्री ११.८० लाख, गेल्या हंगामात ११.४० लाख, म्हणजे जवळपास तेवढीच. जाहिरातीचा खर्च ६० हजारांनी वाढला. वाढीव खर्चाचा उपयोग झालेला दिसत नाही. दुकानाच्या नावावरच्या गूगल जाहिराती काही शहरांत बंद ठेवून बघण्याचा आमचा प्रस्ताव आहे. आकडे काढल्याची तारीख खाली आहे.’

हे पत्र घेऊन तुम्ही स्वतः जा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. दुकानातल्या भिंतीवर जुनं कॅलेंडर अजून टांगलेलं असेल तर उत्तम, नसेल तर २०२४च्या ऑक्टोबरचं पान सोबत न्या. सेठजी चष्मा लावून ३१ तारखेवर बोट ठेवतील. मग वहीचं तेच पान उघडतील, आणि पुढचा अर्धा तास त्या वर्षी कोणाची किती उधारी राहिली हे तुम्हाला ऐकावं लागेल.